परतीच्या मालाची क्रेडिट नोट "पुढच्या बिलात" दरवेळी का अडकते, आणि ती कशी सोडवायची

माल परत गेला की घाऊकवाला म्हणतो, "होईल हो भाऊ, पुढच्या बिलात वळतं करतो." पुढचं बिल येतं, कधी त्यात काहीच कमी झालेलं नसतं, कधी कमी झालेलं असतं पण आकडा पटत नाही. दोन महिन्यांनी खातेउतारा मागवावा तर आपल्या नावावर बाकी दिसते आणि सेल्समन नवी ऑर्डर घ्यायला कुरकुरतो. गुहागर बाजूला किराणा दुकान चालवताना हा प्रकार माझ्याबाबत इतक्यांदा झाला की शेवटी एका परतीचा मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठलाग केला. तो हिशेब इथे मांडतो, कारण घोळ नेमका कुठे होतो हे त्यातूनच मला कळलं.

घडलं काय

२०२५ साली गणपती २७ ऑगस्टला होते. चाकरमानी यायच्या आधी दुकान भरून ठेवावं लागतं, म्हणून १२ ऑगस्टला चिपळूणच्या घाऊक व्यापाऱ्याकडून बिस्किटांची २० खोकी घेतली. बिल क्रमांक १८४७. खोक्याला ६०० रुपये धरून माल १२,००० चा, त्यावर तेव्हाचा १८ टक्के जीएसटी २,१६०, एकूण १४,१६०. हे पैसे मी १० सप्टेंबरला पूर्ण चुकते केले.

गणपतीत खोकी फोडायला लागलो तर त्यातल्या पाच खोक्यांची बिस्किटं सादळलेली निघाली. कोकणातल्या पावसात बिस्किट सादळणं नवं नाही, पण बाकीची पंधरा खोकी त्याच फळीवर होती आणि ती कडक होती. पाचही खोक्यांचा बॅच क्रमांक एकच होता आणि पुडा दाबला की शिवणीतून हवा जात होती. म्हणजे पॅकिंगचा दोष. १८ सप्टेंबरला माल द्यायला आलेल्या टेंपोतून ती पाच खोकी परत पाठवली.

मध्ये २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले आणि बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. ३ ऑक्टोबरला नवं बिल आलं, क्रमांक २३९१, खोकी २५. ते असं होतं:

माल १५,०००
वजा परत माल ३,०००
शिल्लक १२,०००
जीएसटी ५ टक्के ६००
एकूण १२,६००

पाच खोक्यांचे ३,००० कमी झालेले दिसले आणि क्षणभर बरंच वाटलं. पण हे बिल दोन ठिकाणी चुकलं आहे.

चूक कुठे आहे

मी पाच खोक्यांचे नुसते ३,००० दिले नव्हते. त्यावर १८ टक्क्यांनी ५४० कर दिला होता, म्हणजे एकूण ३,५४०. परत मिळायला हवेत ते ३,५४०. वरच्या बिलात वजावट कराच्या आधी केली आहे, त्यामुळे मला ३,००० आणि त्यावर नव्या दराने वाचलेले १५०, असे ३,१५० मिळाले. ३९० रुपये राहिले.

हिशेब बरोबर केला असता तर नवं बिल पूर्ण रकमेचं हवं होतं: १५,००० अधिक ७५० कर, एकूण १५,७५०. क्रेडिट नोट वेगळी, ३,५४० ची. आणि द्यायचे राहिले १२,२१०. वजावट कराच्या वरच्या ओळीत नाही, एकूण रकमेच्या खाली.

हे ३९० घाऊकवाल्या शेटनी खाल्ले असं मात्र म्हणू नका. त्यांनी दोन्ही बिलांवर जेवढा कर घेतला तेवढाच भरला. पैसा सरकारकडे जास्त गेला, आणि तो कोणाच्या खिशातून गेला हे तुमच्या नोंदणीवर ठरतं. मी रेग्युलरमध्ये आहे, मला खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणून कागदावर माझे ३९० त्या क्रेडिटमधून भरून निघाल्यासारखे दिसतात. पण ते भरून निघतात कसे? तर जी पाच खोकी माझ्याकडे नाहीत त्यांच्यावरचं ५४० चं क्रेडिट मी ठेवून घेतो आणि जी पाच खोकी आली त्यांचं १५० चं क्रेडिट सोडून देतो. माझ्या सी.ए.नी स्पष्ट सांगितलं की परत गेलेल्या मालावरचं क्रेडिट ठेवू नका, उद्या विचारणा झाली तर उत्तर नसेल. शिवाय बिलात माल २५ खोकी आणि करपात्र रक्कम २० खोक्यांची, हा विसंवाद शेटलाही अडचणीचाच.

माझ्या मेव्हण्याचं हर्णैला दुकान आहे, तो कंपोझिशनमध्ये आहे. त्याला खरेदीच्या कराचं क्रेडिटच नाही. त्याच्याकडे असं बिल आलं तर ३९० रुपये सरळ नफ्यातून गेले. आणि एखाद्याने त्याला बिनकराची, नुसत्या मालाच्या किमतीची नोट दिली तर ५४० गेले. आपल्या बाजूला कितीतरी छोटी दुकानं कंपोझिशनमध्ये आहेत, आणि "रक्कम तर कमी केली ना" एवढ्यावर समाधान मानणारी मी बरीच पाहिली आहेत. त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा.

दर जुनाच का

क्रेडिट नोट ही नव्या मालाची सवलत नाही. ज्या बिलाने माल आला त्या बिलाचा तेवढा भाग मागे घेतला जातो. म्हणून त्या बिलावर जो दर लागला होता तोच नोटेवर लागतो, मध्ये दर बदलला तरी. १८ टक्क्यांनी घेतलेला माल २२ सप्टेंबरनंतर परत गेला तरी नोट १८ टक्क्यांचीच.

आमच्या प्रकरणात बिल दुरुस्त झाल्यावर शेटच्या अकाउंटवाल्याने नोटेचा जो मसुदा पाठवला त्यात पुन्हा ५ टक्केच होते. त्याने मुद्दाम केलं नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये वस्तूचा दर बदललेला होता, नोट मारताना तोच आपोआप आला. म्हणून मी आता नोट पक्की करण्याआधी तिचा फोटो मागतो. एकदा ती अपलोड झाली की दुरुस्तीला वेळ लागतो.

अडकते कुठे, हे ओळखायचं कसं

पहिली जागा म्हणजे टेंपो आणि गोडाऊन यांच्या मधली. माल ड्रायव्हरच्या हातात गेला, पण गोडाऊनच्या परतीच्या वहीत चढला नाही. फोन केला की शेट म्हणतात, "माल आलाच नाही आमच्याकडे." खूण सोपी आहे: तुमच्या हातात सहीचा कागद आहे का? नसेल तर नोट अजून सुरूही झालेली नाही. सेल्समनच्या डायरीतली नोंद, व्हॉट्सॲपवरचा अंगठा, यावर कोणी नोट मारत नाही.

यासाठी मी परतीचं चलन दोन प्रतींत करतो. त्यावर मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख, खोकी किती, पुडे किती, बॅच, एमआरपी, परतीचं कारण. एका प्रतीवर ड्रायव्हरची सही, तारीख आणि गाडीचा नंबर घेऊन ती माझ्याकडे, दुसरी मालासोबत. बॅच आणि एमआरपी लिहिणं शेटच्याच कामाचं आहे, कारण दोषाच्या मालाचे पैसे त्यांना पुढे कंपनीकडून मागायचे असतात आणि कंपनी बॅचशिवाय ऐकत नाही. ज्याला पुढे मिळणार नाही तो मागे देताना हात आखडता घेतो, म्हणून त्याचं काम सोपं केलं की आपलंही होतं. चलनाचा फोटो लगेच काढून ठेवतो. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा वह्या आणि फायली चिखलात गेल्या. कागद एकाच ठिकाणी असला की काय होतं ते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरी जागा ही, की नोट मागितलेलीच नसते. आपण तोंडी "वळतं करा" म्हणतो, आणि समोरचा अकाउंटवाला त्याचा अर्थ "पुढच्या बिलात वजावट" असा घेतो. वरचं चुकीचं बिल त्याच समजुतीतून आलं होतं. त्यामुळे मागणी लेखी करायची आणि तिच्यात दोन्ही बिलं वेगवेगळ्या कामासाठी लिहायची. मी पाठवलेला मजकूर असा होता:

"सप्रेम नमस्कार. आपल्या बिल क्र. १८४७, दि. १२ ऑगस्ट २०२५ मधील बिस्किटांची ५ खोकी पॅकिंग दोषामुळे दि. १८ सप्टेंबर रोजी आपल्या टेंपोतून परत पाठवली आहेत. सहीच्या चलनाचा फोटो सोबत आहे. कृपया बिल क्र. १८४७ च्या संदर्भाने रु. ३,००० अधिक जीएसटी १८ टक्के रु. ५४०, एकूण रु. ३,५४० ची क्रेडिट नोट द्यावी. नवे बिल पूर्ण रकमेचे करावे, त्यात माल वजा करू नये. क्रेडिट नोटेची रक्कम नव्या बिलाच्या देण्यातून वळती करून उरलेले रु. १२,२१० मी भरतो. नोट पक्की करण्यापूर्वी मसुदा पाठवावा ही विनंती."

यातली भाषा विनंतीचीच ठेवावी. नोट देणं शेटच्या हातात असतं, आपण आपल्या वहीत डेबिट नोट घातली तरी त्याने त्यांचा कर कमी होत नाही. आपली डेबिट नोट ही आपली नोंद आणि आपली मागणी, एवढंच तिचं वजन.

तिसरी जागा सगळ्यांत फसवी आहे, आणि दरवेळी "बाकी" दिसते ती बहुतेक इथूनच.

एक नोट, दोन धागे

क्रेडिट नोटेला दोन संदर्भ असतात आणि ते एकमेकांत मिसळले की घोळ होतो. कराच्या हिशेबात ती जुन्या बिलाची आहे: १८४७ चा माल परत आला, म्हणून १८४७ चा कर कमी. पैशाच्या हिशेबात ती नव्या बिलाची आहे, कारण १८४७ चे पैसे मी कधीच देऊन टाकले होते. तिथे वळतं करायला काही उरलेलंच नाही.

आता शेटच्या टॅलीत काय होतं बघा. नोट घालताना सॉफ्टवेअर विचारतं, ही रक्कम कोणत्या बिलासमोर धरू? अकाउंटवाला १८४७ शोधतो, ते फिटलेलं असल्याने यादीत दिसत नाही. मग तो `On Account` निवडून पुढे जातो. नोट खरी आहे, करही बरोबर, पण ३,५४० खात्यात मोकळे पडून राहिले. मी नव्या बिलाचे १२,२१० भरले की त्या बिलावर ३,५४० थकीत दिसतात. खात्याची एकूण बाकी शून्य, पण सेल्समनच्या यादीत माझं बिल मुदत उलटलेलं. तो बिचारा यादी बघून बोलतो.

उपाय एका निवडीचा आहे. नोट घालताना संदर्भाच्या जागी `Agst Ref` निवडून नवं बिल द्यायचं, आणि मूळ बिलाचा क्रमांक व तारीख नोटेच्या तपशिलात वेगळी लिहायची. नवं बिल अजून झालेलं नसेल तर नोटेच्या स्वतःच्या क्रमांकाने `New Ref` करून ठेवायचा आणि पुढच्या पावतीच्या वेळी तो वळता करायचा. आपल्याकडच्या डेबिट नोटेतही हेच करायचं. आणि पैसे पाठवताना नुसती रक्कम न पाठवता एक ओळ लिहायची: अमुक बिलापोटी १२,२१०, क्रेडिट नोट अमुकमधून ३,५४०. मी हे करायला लागल्यापासून खातेउताऱ्यावर माझी खोटी बाकी दिसलेली नाही.

म्हणून बाकी दिसली की भांडायला न जाता बिलवार उतारा मागा. नुसती शेवटची बेरीज पाहू नका. एखादं बिल जेवढ्याने थकीत आहे तेवढीच रक्कम दुसरीकडे मोकळी जमा दिसत असेल, तर नोट आहे, फक्त जोडलेली नाही. पाच मिनिटांचं काम. मोकळी जमा कुठेच नसेल, तर नोट झालेलीच नाही.

आमचं बिल कसं दुरुस्त झालं

३ ऑक्टोबरला बिल हाती आलं त्या रात्री चूक दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच फोन केला. घाई याच्यासाठी की ज्या व्यापाऱ्याची उलाढाल ५ कोटींवर आहे त्याला ई-इन्व्हॉइस करावं लागतं, आणि ते पोर्टलवर रद्द करायला फक्त २४ तास मिळतात. आमचं बिल आदल्या दिवशी सकाळी अकराला झालेलं होतं. शेट म्हणाले, "अहो, दोन तासच उरलेत, थांबा, आत्ताच करायला सांगतो." २३९१ रद्द झालं, आणि रद्द झालेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही म्हणून २३९८ नंबरने पूर्ण १५,७५० चं बिल आलं. नोटही ई-इन्व्हॉइससारखीच पोर्टलवर चढवावी लागते, म्हणून मसुदा आधी बघणं महत्त्वाचं. ६ ऑक्टोबरला १८ टक्क्यांची, ३,५४० ची नोट मिळाली आणि मी त्याच दिवशी १२,२१० पाठवले.

२४ तास उलटून गेले असते तर? मग मूळ बिल तसंच राहतं आणि वजा केलेल्या ३,००० साठी शेटना माझ्या नावे कर धरून डेबिट नोट द्यावी लागते, शिवाय परतीची क्रेडिट नोट वेगळी. होतं, पण कागद वाढतात आणि उत्साह संपतो. ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू नाही त्यांच्याकडे त्या महिन्याचं विक्रीचं विवरण, म्हणजे GSTR-1, भरेपर्यंत बिल बदलायला सवड असते. महिन्याने भरणाऱ्यांसाठी ती पुढच्या महिन्याची ११ तारीख.

नोट पोर्टलवर पोचली का

कागद हातात आला तरी शेवटची खात्री GSTR-2B मध्येच, म्हणजे आपल्या खरेदीवरचा कर दाखवणाऱ्या पोर्टलवरच्या उताऱ्यात. शेटनी ऑक्टोबरचं विवरण नोव्हेंबरात भरलं आणि १४ नोव्हेंबरच्या 2B मध्ये नोट दिसली: मूल्य ३,०००, केंद्राचा कर २७०, राज्याचा २७०. तेवढं ५४० चं क्रेडिट मी माझ्या विवरणात उलटवलं. पैसे परत मिळाले म्हणजे क्रेडिटही परत द्यायचं, हे रेग्युलरवाल्यांनी विसरू नये. आता कायद्यातही असं आहे की घेणाऱ्याने क्रेडिट उलटवल्याशिवाय देणाऱ्याला कर कमी करून घेता येत नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर IMS म्हणजे आलेली बिलं आणि नोटा तपासायची जागा आहे, तिथे नोट आली की स्वीकारायची किंवा नाकारायची सोय असते. काहीच केलं नाही तर ती स्वीकारली असं धरलं जातं. इथे एक चूक लोक करतात: पैसे वळते झाले नाहीत या रागात नोट नाकारतात. नाकारलेल्या नोटेचा कर शेटच्या पुढच्या विवरणात परत देणं म्हणून चढतो, आणि मग आपलं काम आणखी लांबतं. नोटेतला आकडा किंवा मूळ बिलच चुकीचं असेल तेव्हाच नाकारावी, आणि आधी फोन करून. वळतं करण्याचा वाद पैशाचा आहे, तो खात्यात सोडवावा.

जिथे हे लागू होत नाही

आपल्याच दुकानात पाणी शिरून, उंदीर लागून किंवा बरणी उघडी राहून खराब झालेला माल परतीचा नाही. तो शेटच्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला की खऱ्या परतीवरचाही विश्वास जातो. असा माल टाकून दिला तर त्यावर घेतलेलं क्रेडिटही उलटवावं लागतं.

मुदत संपलेल्या मालासाठी कंपन्या कधीकधी फक्त ठरावीक टक्के भरपाई देतात आणि बिनकराची नोट पाठवतात. ती पैशाची नोट असते, 2B मध्ये येत नाही, आणि येत नाही म्हणून शोधत बसू नये. माल घेतानाच विचारून ठेवावं की मुदतीच्या मालाला कराची नोट मिळते की बिनकराची. कंपोझिशनवाल्याला हा फरक खिशाला लागतो.

आणि वेळेची मर्यादा. कर कमी करणारी नोट शेटना त्यांच्या विवरणात पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच दाखवता येते, आणि त्यांनी त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरलं तर त्या तारखेपर्यंतच. म्हणजे ऑगस्ट २०२५ च्या मालाला कायद्याने ३० नोव्हेंबर २०२६. कागदावर हा काळ भरपूर दिसतो, पण बॅच, चलन आणि ड्रायव्हर तिघेही तोवर सापडत नाहीत. मी परत गेलेल्या मालाची यादी दुकानात कॅलेंडरशेजारी लावतो आणि महिन्याच्या पाच तारखेला, घाऊकवाल्याचं विवरण जायच्या आधी, ज्या ओळीसमोर नोटेचा क्रमांक नाही त्या ओळीसाठी फोन करतो.